थाळीतली उभी काडी

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटात ‘मला माहीत नाही’ हे वाक्य आजवर कुणी लिहिलेलं नाही. लग्नाचा मुहूर्त, गुडघेदुखी, शेअरबाजार, विषय कुठलाही असो, उत्तर तयार असतं. त्यामुळे हरसूलकडच्या एका आश्रमशाळेत शिकवणाऱ्या माझ्या पुतण्याने एक फोटो टाकून खाली ‘ओळखा पाहू, कोणतं वाद्य?’ असं लिहिलं, तेव्हा पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडला.

फोटोत एक म्हातारेबुवा पडवीत मांडी घालून बसलेले. पुढ्यात काशाची थाळी. थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा आणि त्यात रोवलेली एक बारीक, उभी काडी. बुवांची बोटं त्या काडीला लागलेली. बस, एवढंच.

आत्या म्हणाली, “वाद्य कसलं? उदबत्ती लावतायत ते.” बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, हे जुन्या काळचं सूर्यघड्याळ, काडीची सावली बघा. बुवा सावलीत बसलेत, हे कुणीतरी दाखवून दिलं; पण काकांनी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले आहेत, ते असे सहज मागे हटत नाहीत. मेहुणे म्हणाले, ही एकतारीच आहे, फोटो फॉरवर्ड होऊन होऊन तार पुसली गेली आहे. सगळ्यात पटेल असं उत्तर वहिनींचं होतं: “थाळी आहे ना? मग ती वाजवत असणार. काठी आधी रोवून ठेवलीय, नंतर उपटून तिनेच मारतील.”

मला या सगळ्यांबद्दल आदर वाटतो. वाद्याचा फोटो बघणाऱ्याची गोची मोठी असते. वाद्य हे ऐकायचं, आणि फोटो मुका. ज्या एका गोष्टीसाठी ती वस्तू जन्माला आली, तीच फोटोत नाही. मग आपण आकाराकडे बघतो, आकार बघून घरातलं काहीतरी आठवतं आणि आपण तेच नाव देऊन मोकळे होतो. थाळी दिसली की जेवण, काडी दिसली की उदबत्ती.

आकार बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, तर मुका फोटोही बराच बोलतो. प्रश्न असा: या वस्तूत सगळ्यात आधी काय थरथरतं? आवाज म्हणजे थरथर, आणि कुठल्याही वाद्यात ती कुठून तरी एका जागी सुरू होते. तार थरथरली तर ते तंतुवाद्य. ताणलेलं कातडं थरथरलं तर चर्मवाद्य. आत कोंडलेली हवा थरथरली तर फुंकवाद्य. आणि तार नाही, कातडं नाही, फुंक नाही, वाद्याचं अंगच थरथरलं, तर ते घनवाद्य. जुन्या शब्दांत तत, अवनद्ध, सुषिर आणि घन. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ही चार घरं मांडलेली आहेत.

आता बुवांच्या फोटोकडे परत बघू. फुंक नाही, कारण तोंड वाद्यापासून दूर आहे आणि बुवा चक्क काहीतरी सांगत आहेत. तोंड मोकळं ठेवून फुंकता येत नाही. कातडं कुठेच नाही. राहिली मेहुण्यांची तार. तार ओळखायची सोपी खूण म्हणजे ती दोन्ही टोकांना बांधलेली असते. तिला ताण हवा, आणि एक टोक सुटं ठेवून ताण येत नाही. फोटोतल्या काडीचं खालचं टोक मेणात रोवलेलं आहे आणि वरचं टोक हवेत मोकळं आहे. तेव्हा ती तार नव्हे आणि तारेची खुंटीही नव्हे. तीन घरं बंद झाली, चौथं उरलं: घनवाद्य.

पण घनवाद्यातही आवाज काढायच्या तऱ्हा अनेक. टाळ एकमेकांवर आपटतात, घंटेवर टोल पडतो, चिपळ्या खणखणतात, मोरचंगाची पट्टी बोटाने छेडतात. इथे वहिनींचा मुद्दा विचारात घ्यायला हवा. थाळी ठोकायची असती तर बुवांच्या हातात ठोकायला काहीतरी असतं. हातात काहीच नाही. उलट दोन्ही हातांची बोटं काडीला चिमटीत धरून आहेत, एक हात वर, एक खाली. छेडताना बोट असं धरत नाहीत. छेडणारं बोट तारेला आडवं लागतं आणि निसटतं. चिमूट धरायची ती ओढण्यासाठी. म्हणजे बुवा काडीवरून बोटं खाली ओढत आहेत, एका हातामागून दुसरा, आणि आवाज घासण्यातून येतो आहे.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी खुलासा केला तो असाच होता. हा थाळ. नाशिकच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात, पेठ, सुरगाणा, हरसूल आणि पलीकडे गुजरातच्या डांगात, कोकणा समाजातले कथेकरी हा थाळ पुढ्यात घेऊन रात्र रात्र कथा सांगतात. कणसरी या धान्यदेवीची कथा, रामाची कथा. रामकथा म्हटली तरी ती वाल्मीकीची वही बघून सांगितलेली नसते, ती त्यांची स्वतःची आहे. या सांगण्याला थाळगान म्हणतात.

आवाज कसा होतो, ते नीट बघण्यासारखं आहे. बोट काडीवरून एकसारखं घसरत गेलं तर काहीच ऐकू येणार नाही. पण ते एकसारखं घसरत नाही. क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि हे इतक्या झपाट्याने होतं की डोळ्याला घसरणंच दिसतं. प्रत्येक सुटण्याबरोबर काडीला लांबीच्या दिशेने एक बारीक हिसका बसतो. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यावर तो गातो, त्यातली युक्ती हीच. फक्त पेला स्वतःच गातो. बारीक काडी एकटी गाऊन गाऊन कितीसं गाणार? तिच्यापाशी हवा हलवायला रुंदी नाही. म्हणून खाली थाळी. काडीतली थरथर मेणातून थाळीत उतरते, आणि थाळीचा पसरट पत्रा ती खोलीभर वाटतो. हात आळीपाळीने चालत राहिले की आवाज तुटत नाही, एक लांब घुमणारा सूर कथेखाली पसरून राहतो.

मेण इथे नुसता गोंद नाही, ते काडीचं आणि थाळीचं नातं जुळवून देतं. काडी सैल बसली तर थरथर मेणातच जिरणार आणि थाळी ढिम्म राहणार. फोटोत मेणाचा गोळा ओबडधोबड दिसतो म्हणून सौंदर्यदृष्टीच्या माणसाला तो खटकतो. (आमच्या गटात अशा एकांनी तो फोटोतून पुसून टाकून चित्र ‘स्वच्छ’ करून पाठवलं. वाद्य ओळखायची सगळ्यात मोठी खूण त्यांनी साफ केली.)

या वाद्याची गंमत अशी की घराणं एक आणि नोकरी दुसरीच. घनवाद्य म्हटलं की आपल्याला टाळ आठवतो, ताल आठवतो. नाट्यशास्त्रातही घन हे तालाचंच घर. थाळ मात्र ताल धरत नाही, तो सूर धरतो. मैफलीत जे काम तानपुरा करतो ते इथे जेवणाचं ताट करतं. म्हणून फोटोखाली नुसतं ‘कथेला सूर देणारं वाद्य’ असं लिहिलेलं असेल तर वाचणारा ते बेलाशक तंतुवाद्यात टाकेल. वाद्य काय काम करतं यावरून त्याचं कुळ ठरत नाही. ते कशाने थरथरतं, यावरून ठरतं.

ही चार घरांची विभागणी पुढे साता समुद्रापार गेली. 1876 च्या सुमारास कोलकात्याचे राजा शौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट दिला. तो ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयाच्या संग्रहात गेला. तिथले संग्रहपाल व्हिक्टर माहियों यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, ही मंडळी ठेवायची कुठल्या कपाटात? युरोपातल्या वाद्यवृंदाची तार, फुंक आणि ठोक ही वाटणी इथे अपुरी पडत होती. त्यांनी आपल्या यादीत वाद्यं चार वर्गांत लावली, आणि ते चार वर्ग आपल्या जुन्या चार घरांशी जुळणारे होते. त्यावरच पुढे 1914 मध्ये एरिख फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी जगातल्या तमाम वाद्यांसाठी आकड्यांची पद्धत बांधली. 1 म्हणजे घन, 2 म्हणजे कातडं, 3 म्हणजे तार, 4 म्हणजे हवा. आणि पुढचा प्रत्येक आकडा पोटजात सांगतो. ग्रंथालयातल्या पुस्तकांना असतात तसे हे वाद्यांचे क्रमांक. घासून वाजणाऱ्या घनवाद्यांचा क्रमांक 13 ने सुरू होतो. तेव्हा हरसूलच्या पडवीतल्या बुवांना पत्ता विचारला, तर बर्लिनच्या हिशेबाने तो 13 नंबरच्या गल्लीतला.

त्या गल्लीत एक जर्मन शेजारीही राहतो. वाळूवर आवाजाच्या नक्ष्या उमटवून दाखवणारा पदार्थवैज्ञानिक ख्लाड्नी याने 1790 च्या सुमारास ‘युफोन’ नावाचं वाद्य केलं होतं. त्यात काचेच्या कांड्या ओल्या बोटांनी लांबीच्या दिशेने घासायच्या, आणि त्यांची थरथर दुसऱ्या धातूच्या कांड्यांमध्ये जाऊन तिथून सूर निघायचा. काडी घासायची एक, बोलायचं दुसऱ्याने. कोकणा कथेकऱ्याला हे सांगितलं तर तो बहुधा विचारेल, “मग ताट कुठे ठेवलं त्यांनी?”

थाळ ओळखला गेल्यावर पुतण्याला चेव आला. त्याने पुढचा फोटो टाकला, त्यात एक भलामोठा भोपळा होता. गटाचं एकमत झालं: वीणा. भोपळा म्हणजे वीणा, तानपुरा, सतार. फार तर एकतारी.

फोटोतल्या वाद्यांत माणसाला सगळ्यात जास्त कुणी फसवत असेल तर तो हा भोपळा. तो फोटोत सर्वात मोठा दिसतो, गोल गरगरीत असतो, नजर थेट त्याच्यावर जाते. पण तो बहुतेक वेळा बिचारा थरथर सुरू करणारा नसतोच. कुणीतरी दुसऱ्याने सुरू केलेली थरथर मोठी करायची, किंवा नुसती हवा साठवायची, एवढंच त्याचं काम. पंढरपूरकडच्या भोपळ्यांवर मिरजेला तानपुरे होतात. तो भोपळा तारेच्या चाकरीत. आपल्या वारली, ठाकर भागात घांगळी असते, बांबूच्या दांडीखाली दोन टोकांना दोन भोपळे आणि दांडीवरून ताणलेली तार. तेही भोपळे तारेच्याच चाकरीत. पण पुतण्याच्या फोटोत तार नव्हती. तो होता तारपा, पण हा शब्द त्याने मुद्दाम लिहिला नव्हता.

तो फोटो आता डोळ्यांसमोर आणा. भोपळा वर, वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याशी. त्यातून खाली निघालेल्या दोन सारख्या बांबूच्या नळ्या एकमेकींना चिकटवून बांधलेल्या. सांध्यांवर मेण थापलेलं. खाली टोकाला ताडाची पानं गुंडाळून केलेला लांब, रुंदावत गेलेला कर्णा. वाजवणाऱ्याची बोटं नळ्यांवर, आणि ओठ भोपळ्याच्या छिद्राला.

बोटं नळीवरच्या छिद्रांवर आहेत म्हणजे आत हवा आहे, हे फुंकवाद्य झालं. इथपर्यंत कुणीही येईल. पुढचा प्रश्न जरा नाजूक आहे. बासरीसारखं नुसत्या फुंकेच्या धारेवर वाजतं, की आत एखादी जिभळी थरथरते? जिभळी फोटोत दिसत नाही. कशी दिसेल, ती भोपळ्याच्या पोटात आहे. तरी ती आहे हे कळतं, कारण बासरीवाल्याला भोपळ्याची गरजच नसते. त्याला ओठांनी फुंकेची धार नेमकी काठावर लावायची असते. मध्ये भोपळा आला तर धार पसरून वाया जाईल. ओठ आणि नळी यांच्यामध्ये हवेची बंद खोली ठेवायची, ती जिभळीसाठीच. तिथे नेमकी धार नको असते, हवेचा दाब हवा असतो. गाल टम्म फुगलेले दिसले तर आणखी एक खूण: गालातली हवा भोपळ्यात ढकलत ढकलत नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर न तुटता नाच तासन् तास चालतो.

मग तारप्याचा जवळचा नातेवाईक कोण? घांगळी नव्हे, जरी दोघांचे भोपळे एकाच वेलावर लागले असले तरी. तारप्याचं खरं सख्खं नातं गारुड्याच्या पुंगीशी. तिथेही भोपळा, दोन नळ्या, आणि पोटात दडलेल्या जिभळ्या. पुंगी लहान, तिला कर्णा नाही, आणि तारपा माणसाएवढा लांब होऊ शकतो, म्हणून डोळ्याला हे नातं दिसत नाही. पोटात शिरून बघितलं तर चेहरेपट्टी तीच. डांगाकडची पावरी याच बिरादरीतली. नावावरून तिला पाव्याची, म्हणजे बासरीची बहीण समजणारे पुष्कळ भेटतात.

तरी फोटोला एक मर्यादा राहतेच. आतली जिभळी एकेरी पट्टीची की दोन पातळ पात्यांची, हे नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. अंदाज नळीवरून बांधायचा: नळी शेवटपर्यंत सारख्या जाडीची असेल तर आपल्याकडे बहुतेकदा एकेरी जिभळी, सनईसारखी नळी खाली खाली रुंदावत जात असेल तर दुहेरी पाती. तारप्याचा कर्णा रुंदावतो खरा, पण तो वरून जोडलेला असतो. बोटांखालच्या नळ्या सरळ बांबूच्या आहेत. सनई मात्र फोटोत स्वतःच कबुली देते, कारण तिच्या गळ्याशी दोऱ्याने बांधलेल्या जास्तीच्या पत्त्या लोंबत असतात. बोहाड्याच्या उत्सवातल्या फोटोत मुखवटे बघण्याच्या नादात त्या कुणी बघत नाही.

आणि काही वाद्यांपुढे तर तज्ज्ञांनीही हात टेकलेले आहेत. आपलं तुणतुणंच घ्या. खाली कातड्याने मढवलेलं भांडं, त्या कातड्यातून निघालेली एक तार वर काठीच्या खुंटीला बांधलेली. आधी काय थरथरतं, तार की कातडं? तारेने कातडं ओढलं जातं, आणि कातड्याने तार ताणली जाते. हॉर्नबोस्टेल-झाक्स यांनी बंगालच्या गोपीयंत्रासारख्या अशा वाद्यांना ‘छेडायचे ढोल’ म्हणून कातड्याच्या वर्गात टाकलं. पुढे लॉरेन्स पिकन या इंग्रज अभ्यासकाने हे पटत नसल्याचं सांगितलं. छेडली जाते ती तार, सूर ठरतो तो तिच्या ताणावर, तेव्हा ही तंतुवाद्यंच, असं त्यांचं म्हणणं. माझं मत पिकनसाहेबांच्या बाजूने आहे. तमाशात तुणतुणेवाला खुंटी पिळतो ती सूर लावायला, आणि एवढा पुरावा मला पुरे आहे.

राहता राहिले फोटो काढणारे. वाद्याचा सगळ्यात निरुपयोगी फोटो कुठला, तर काचेच्या कपाटातला, पांढऱ्या भिंतीवर टांगलेला, एकदम सुबक. त्यात हात नसतात, तोंड नसतं, आणि बऱ्याचदा वाद्य उलटं असतं. एका रिसॉर्टच्या दिवाणखान्यात तारपा कर्णा वर करून उभा केलेला मी पाहिला. कर्ण्यात प्लॅस्टिकची फुलं होती. सहलीला आलेली मंडळी कर्ण्यालाच तोंड लावून फोटो काढतात, आणि तो फोटो पाहून पुढचा माणूस हा एक प्रकारचा शिंग-कर्णा आहे, असं ठासून सांगतो. ओठच चुकीच्या टोकाला गेल्यावर वाद्य फोटोत एका पोटजातीतून दुसरीत जातं, आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो.

तेव्हा गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट ओलांडून कधी हरसूलला गेलात आणि कुणी वाजवताना दिसलं, तर त्यांना विचारून फोटो काढा. दोन्ही हात चौकटीत येऊ द्या, ओठ कुठे टेकले आहेत ते दिसू द्या, मेणाचा गोळा कापू नका. एक फोटो बाजूने आणि एक खालून घ्या. आणि नाव गटावर विचारण्याआधी वाजवणाऱ्यालाच विचारा.